हायब्रिड इन्व्हर्टरचे प्रायोरिटी मोड: सोलर फर्स्ट, बॅटरी फर्स्ट की ग्रिड फर्स्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्व्हर्टर बसवून झाला, पॅनल चालू झाले आणि दोन महिन्यांनी बिल अपेक्षेइतकं उतरलं नाही, की लोक सेटिंगचे फोटो काढून पाठवतात. दोष क्वचितच यंत्रात असतो. बहुतेक वेळा एखादी प्रायोरिटी चुकीची लागलेली असते, किंवा लावणाऱ्याला एक अर्थ अभिप्रेत असतो आणि इन्व्हर्टर दुसराच घेतो. असे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हिशेब पैशांत न मांडता युनिटमध्ये मांडला आहे, म्हणजे तुमचा दर कितीही असला तरी तो लागू पडेल.

१. प्रायोरिटी मोड म्हणजे नेमकं काय ठरवतो?

घरातल्या लोडला वीज देणारे तीन स्रोत इन्व्हर्टरच्या हाताशी असतात: पॅनल, बॅटरी आणि ग्रिड. आधी कोणाकडून घ्यायचं, ते कमी पडलं तर कोणाकडे वळायचं आणि शेवटचा पर्याय कोणता, हा क्रम म्हणजे प्रायोरिटी. सोलर फर्स्टमध्ये आधी पॅनलची वीज वापरली जाते आणि उरलेली गरज ग्रिड भागवते. बॅटरी फर्स्ट म्हणतात त्यात पॅनलनंतर बॅटरी येते आणि ग्रिड सगळ्यात शेवटी. ग्रिड फर्स्टमध्ये लाईट आहे तोवर लोड ग्रिडवरच चालतो; पॅनल आणि बॅटरी लाईट गेल्यावर कामाला येतात.

मोड बदलल्याने पॅनलची क्षमता वाढत नाही. बनलेली वीज वापरली जाते की वाया जाते, एवढंच त्यातून ठरतं. पण बिलातला बराचसा फरक तिथेच पडतो.

२. सेटिंगमध्ये प्रायोरिटी दोन ठिकाणी दिसते. दोन्हींत काय फरक?

पहिली प्रायोरिटी लोडची: घराला वीज कुठून द्यायची. दुसरी चार्जिंगची: बॅटरी कशाने भरायची. या दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. लोडची प्रायोरिटी विचार करून लावली जाते, चार्जिंगची मात्र कारखान्यातून आली तशीच राहते.

ज्या इन्व्हर्टरांच्या छोट्या डिस्प्लेवर क्रमांकाने सेटिंग करावी लागते, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये 01 नंबरला लोडची प्रायोरिटी असते (सोलर फर्स्टसाठी `SUB`, बॅटरी फर्स्टसाठी `SBU`, किंवा ग्रिडसाठी `UTI`/`USB`) आणि 16 नंबरला चार्जिंगची. 16 मध्ये `CSO` म्हणजे आधी सोलरने चार्ज करायचं आणि सोलर नसेल तर ग्रिडने. `SNU` म्हणजे सोलर आणि ग्रिड दोघांनी एकाच वेळी. `OSO` म्हणजे फक्त सोलरने, ग्रिडला हात लावायचा नाही. तुमच्या मॉडेलचे क्रमांक वेगळे असू शकतात, पण हे दोन प्रश्न प्रत्येक हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये कुठे ना कुठे असतातच. दोन्ही शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. मी «Battery First» लावलं, पण घर ग्रिडवर चालतं आणि सगळं ऊन बॅटरीत जातं. असं का?

कारण तुमच्या इन्व्हर्टरमध्ये या नावाचा अर्थ वेगळा आहे. `SBU` प्रकारच्या इन्व्हर्टरमध्ये «बॅटरी आधी» म्हणजे ग्रिडच्या आधी बॅटरी वापरा. पण ज्या मॉडेलच्या ॲपवर `Load First`, `Battery First`, `Grid First` असे पर्याय दिसतात, तिथे प्रश्न असतो तो सोलरची वीज आधी कुठे पाठवायची हा. तिथे `Battery First` म्हणजे आधी बॅटरी भरा, उरलं तर लोडला द्या. `Grid First` म्हणजे आधी ग्रिडला विका. लोड ग्रिडवर चालवा, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणजे एकाच नावाचे दोन जवळजवळ उलटे अर्थ बाजारात आहेत. शेजाऱ्याने सांगितलेला मोड डोळे मिटून लावू नये, तो यासाठी. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्या मोडखालचं एक वाक्य वाचा आणि तिथे बाण कुठून कुठे जातो ते पाहा: लोडकडे कोण येतंय हे सांगितलंय, की सोलर कुठे जातंय हे. `Load First` असलेल्या मॉडेलमध्ये घरगुती बचतीसाठी बहुधा तोच मोड हवा असतो. त्यात सोलर आधी लोडला, मग बॅटरीला जातं आणि संध्याकाळी बॅटरी लोडला देते.

जुन्या मॉडेलांत `SOL` नावाचा पर्यायही दिसतो. त्यात सोलर कमी पडलं की जोडीला बॅटरी येते. `SUB` मध्ये मात्र जोडीला ग्रिड येतो. दोन्हींना दुकानात «सोलर फर्स्ट»च म्हणतात.

४. मग सगळ्यात जास्त बचत कोणत्या मोडमध्ये होते?

याचं उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: भर दुपारी घराला लागून उरलेली सोलर वीज तुमच्याकडे जाते कुठे? ती ग्रिडला जाऊन तिचा मोबदला मिळतो, की जायला जागाच नसल्याने पॅनल ती बनवणंच थांबवतात?

एक घर घेऊ. ३ किलोवॅटचे पॅनल, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम (LFP) बॅटरी, म्हणजे सुमारे ५.१ युनिटची. उन्हाच्या दिवशी १२ युनिट बनू शकतात. घर दिवसभरात १० युनिट वापरतं, त्यातली ५ ऊन असताना आणि ५ ऊन गेल्यावर. ग्रिडला वीज परत देण्याची सोय नाही.

ग्रिड फर्स्ट ठेवलं तर १० च्या १० युनिट ग्रिडची. बॅटरी भरलेली आहे, पॅनल जवळजवळ रिकामे बसलेत.

सोलर फर्स्ट (`SUB`) ठेवलं तर दिवसाची ५ युनिट सोलरची आणि रात्रीची ५ ग्रिडची. उरलेली ७ युनिट बनलीच नाहीत, कारण बॅटरी भरलेलीच होती.

बॅटरी फर्स्ट (`SBU`), चार्जिंग फक्त सोलरने: रात्री बॅटरीतून ८० टक्के, म्हणजे ४.१ युनिट काढली. इन्व्हर्टरमधला तोटा वजा जाता लोडला ३.८ मिळाली. ग्रिडकडून लागली फक्त १.२. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरायला ४.३ युनिट लागली, ती त्या उरलेल्या ७ मधून निघाली.

म्हणजे एकच यंत्रणा, एकच ऊन, आणि ग्रिडचा वापर १०, ५ किंवा १.२. इथे बॅटरी फर्स्ट निर्विवाद जिंकतं, कारण उरलेलं ऊन एरवी वाया जात होतं. हेच घर नेट मीटरिंगवर असतं तर निकाल बदलला असता. ते प्रश्न ६ मध्ये आहे. आणि दुपारी काही उरतच नसेल, म्हणजे दिवसाचा लोडच सगळं सोलर खात असेल, तर बॅटरी फर्स्टला भरायला काही नाही. तिथे `SUB` पुरेसं आहे.

५. SBU लावूनही बिल कमी होत नाही, उलट वाढल्यासारखं वाटतं. काय चुकलं?

नव्वद टक्के वेळा मी एकच गोष्ट विचारतो: 16 नंबरला काय आहे? उत्तर येतं, `SNU`.

वरचंच घर घ्या. रात्री अकराच्या सुमारास बॅटरी ठरलेल्या पातळीवर उतरली आणि इन्व्हर्टर ग्रिडवर गेला. इथवर ठीक. पण चार्जिंगला ग्रिडची परवानगी असल्याने त्याच क्षणी ग्रिड बॅटरी भरायला लागला. ४.१ युनिट भरायला, चार्जरचा आणि बॅटरीचा तोटा धरून, साधारण ४.६ युनिट ग्रिडची गेली. त्यात रात्रीची १.२ मिळवा: ५.८. साध्या सोलर फर्स्टपेक्षाही जास्त! आणि सकाळी ऊन आलं तेव्हा बॅटरी तुडुंब, म्हणून त्या दिवसाची ७ युनिट पुन्हा वाया.

याहून वाईटही होतं. बॅटरी रात्रीच «परत बॅटरीवर» या व्होल्टेजपर्यंत भरली, तर इन्व्हर्टर पुन्हा बॅटरीवर जातो, ती उतरवतो, पुन्हा ग्रिडवर येऊन भरतो. पहाटे दोन-तीनला इन्व्हर्टरमधून रिलेचा «टक्» आवाज येतो का, ते ऐका. लाईट गेलेली नसताना तो आवाज येत असेल तर हेच चालू आहे. बिल भरून विकत घेतलेली वीज बॅटरीतून गोल फिरतेय आणि प्रत्येक फेरीत थोडी गळतेय.

उपाय सोपा: चार्जिंग `OSO` वर आणा. `CSO` ने हा प्रश्न सुटत नाही, कारण रात्री सोलर नसतं आणि मग ग्रिडच पुढे येतो. `OSO` चा धोका एकच: सलग ढगाळ दिवसांत बॅटरी तळाशी राहते आणि नेमकी तेव्हा लाईट गेली तर अंधार. त्यावरचा तोडगा प्रश्न १० मध्ये पाहा.

६. नेट मीटरिंग आहे. बॅटरी फर्स्ट ठेवावं का?

ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटच्या बदल्यात पूर्ण एक युनिट परत मिळत असेल, तर बहुतेक वेळा नाही. अशा ठिकाणी ग्रिड हीच तुमची बॅटरी आहे, आणि तिच्यात तोटाही नाही, झीजही नाही. तीच वीज स्वतःच्या बॅटरीतून फिरवली तर शंभरातली पाच ते पंधरा युनिट वाटेत जातात, शिवाय बॅटरीचं आयुष्य खर्च होतं. तिथे सोलर फर्स्ट ठेवा, उरलेलं ग्रिडला जाऊ द्या आणि बॅटरी लाईट जाण्यासाठी राखून ठेवा.

परत दिलेल्या युनिटला खरेदी दरापेक्षा कमी मोबदला मिळत असेल तर चित्र बदलतं. खरेदी दर १०० आणि मोबदला त्याच्या एक तृतीयांश आहे असं समजा. मग दुपारचं एक युनिट विकून ३३ मिळतात, तेच रात्री स्वतः वापरलं तर १०० वाचतात. तोटा आणि झीज मिळून ६७ च्या आत बसत असतील तर बॅटरी वापरणं फायद्याचं.

एक काळजी मात्र घ्या. «हायब्रिड» या नावाने विकला जाणारा प्रत्येक इन्व्हर्टर ग्रिडला वीज परत देऊ शकत नाही. बरेचसे फक्त ग्रिडकडून घेतात. तुमचा कोणता, हे नावावरून ठरवू नका. मॅन्युअलमध्ये ग्रिडला वीज देण्याचा उल्लेख आहे का ते पाहा. देऊ शकत असला तरी वीज कंपनीची मंजुरी आणि दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर नसेल तर ती सोय बंदच ठेवा.

७. ग्रिड फर्स्टचा उपयोग तरी कधी?

लाईट वारंवार आणि लांब वेळ जाते, आणि ती गेल्यावर चालू राहायलाच हवं असं काही घरात आहे, उदाहरणार्थ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. तेव्हा बॅटरी कायम भरलेली असणं हेच तिचं काम. बिलातली बचत तिथे दुय्यम आहे, आणि ते बरोबरच आहे. पण अशा घरातही संपूर्ण ग्रिड फर्स्टऐवजी `SUB` चालू शकतं: दिवसा सोलरचा फायदा मिळतो आणि लाईट असताना बॅटरीला सहसा हात लागत नाही. निव्वळ ग्रिड फर्स्ट मी फक्त तेव्हाच सुचवतो जेव्हा पॅनल बंद आहेत किंवा अजून बसायचे आहेत.

८. रात्री ग्रिडचा दर स्वस्त आहे. रात्री बॅटरी भरून संध्याकाळच्या महाग वेळेत वापरली तर?

स्वस्त युनिटचा भाव बॅटरीतून फिरल्यावर वाढतो, आणि हिशेब तिथेच चुकतो. ग्रिडवरून बॅटरीत आणि बॅटरीतून लोडला, असा पूर्ण प्रवास साधारण ८५ टक्के धरा. महाग दर १०० आणि स्वस्त दर ६० असेल तर:

```
60 / 0.85 = 70.6
100 - 70.6 = 29.4
```

२९ ची बचत दिसते, पण ती झीज धरण्याआधीची. झीज कशी काढायची ते पुढच्या प्रश्नात आहे. ती ३० च्या वर गेली तर हा सगळा उद्योग तोट्याचा. स्वस्त दर ३० असता तर बॅटरीतून येणारं युनिट ३५ ला पडलं असतं आणि गाळा चांगला मोठा राहिला असता.

हे करायचंच असेल तर वेळेनुसार चार्जिंगची सोय (`Time of Use` किंवा तत्सम) असलेला इन्व्हर्टर लागतो. आणि रात्री बॅटरी पूर्ण भरू नका. उद्याच्या उन्हासाठी जागा राखा, नाहीतर प्रश्न ५ चीच चूक मुद्दाम केल्यासारखं होईल.

९. बॅटरीची झीज पैशांत कशी धरायची?

बॅटरीच्या किमतीत ग्रिडची किती युनिट आली असती ते काढा. समजा ८,००० युनिट. वरची बॅटरी रोज ४.१ युनिट देते आणि ४,००० चक्रं टिकते असं धरलं तर ती आयुष्यभरात साधारण १६,४०० युनिट देईल, लोडपर्यंत पोचतील सुमारे १५,०००. आठ हजार भागिले पंधरा हजार: प्रत्येक युनिटमागे साधारण अर्ध्या युनिटची झीज. दर १०० असेल तर झीज ५३.

आता प्रश्न ८ चं उदाहरण पाहा: २९ ची बचत, ५३ ची झीज. सरळ तोटा. स्वस्त दर ३० असतानाही ६५ मधून ५३ गेल्यावर जेमतेम १२ उरतात. पण प्रश्न ४ च्या घरात उन्हाची वीज एरवी वायाच जात होती, त्यामुळे तिथे १०० पैकी ४७ निव्वळ फायदा राहतो.

यावर लोक म्हणतात, बॅटरी तर आधीच घेतलीय, मग झीज कशाला मोजायची? या म्हणण्यात तथ्य आहे. LFP बॅटरी न वापरताही वयाने म्हातारी होतेच, आणि कायम १०० टक्क्यांवर ठेवली तर अधिक लवकर. तेव्हा घेतलेली बॅटरी वापरावीच, पण वाया जाणाऱ्या उन्हासाठी. नवी बॅटरी घ्यायची की नाही हे ठरवताना मात्र झीज पूर्ण धरा.

लीड-ॲसिड असेल तर हाच हिशेब जास्त कडक होतो. ती ५० टक्क्यांखाली नेऊ नये, चक्रं कितीतरी कमी मिळतात आणि तोटा वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातो. रोजच्या बॅटरी फर्स्टला मी लीड-ॲसिड सुचवत नाही.

१०. बॅटरीवरून ग्रिडवर कधी जायचं, ते व्होल्टेज किती ठेवावं?

शक्य असेल तर व्होल्टेजवर ठेवूच नका. बॅटरीच्या आतलं नियंत्रण सर्किट, म्हणजे BMS, इन्व्हर्टरला केबलने जोडा आणि टक्केवारीवर सेटिंग करा. कारण LFP चं व्होल्टेज फसवं असतं: १६ सेलच्या बॅटरीत ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत उतरताना ते साधारण दोनच व्होल्ट हलतं. आणि पंप किंवा गीझर चालू झाला की तेवढं व्होल्टेज क्षणात खाली बसतं. बॅटरी अर्धी भरलेली असते, पण इन्व्हर्टर ती संपली समजून ग्रिडवर जातो. तुमची बॅटरी «एका तासात संपते» असं वाटत असेल तर आधी हे तपासा.

टक्केवारीवर ठेवता येत असेल तर लाईट क्वचित जाते तिथे २० टक्क्यांवर ग्रिडवर जा; वारंवार जाते तिथे ४० ते ५० वर. हीच राखीव साठ्याची मर्यादा, आणि `OSO` मधल्या अंधाराच्या भीतीवरचा तोडगाही हाच. परत बॅटरीवर यायची पातळी ८० च्या आसपास ठेवा. दोन्हींतलं अंतर कमी ठेवलं तर ढगाळ दुपारी इन्व्हर्टर सारखा इकडून तिकडे जात राहतो. बरेच ढगाळ दिवस सलग असतील तर तेवढ्यापुरतं चार्जिंग `CSO` वर न्या आणि ऊन आल्यावर आठवणीने परत आणा.

११. दुपारी बारालाही पॅनल फक्त ६०० वॅट दाखवतात. पॅनल खराब आहेत का?

आधी बॅटरीची टक्केवारी पाहा. ती १०० असेल, लोड ६०० वॅट असेल आणि पॅनलही ६०० च दाखवत असतील, तर पॅनल ठणठणीत आहेत. त्यांना मागणीच तेवढी आहे. खात्रीसाठी इस्त्री लावा. हजार वॅटची इस्त्री तापायला लागताच पॅनलचा आकडा काही सेकंदांत १,६०० च्या आसपास चढला, तर आतापर्यंत तेवढी वीज वाया जात होती हे डोळ्यांनी दिसतं. पॅनलचा आकडा ६०० वरच राहिला आणि ग्रिड किंवा बॅटरी पुढे आली, तर मात्र धूळ, सावली किंवा जोडणी तपासायला हवी.

बॅटरी रोज सकाळी दहाच्या आत १०० होत असेल तर ती रात्री पुरेशी रिकामी होत नाहीये. कारण बहुधा प्रश्न ५ किंवा प्रश्न १० मध्ये सापडेल. रात्री ती नीट रिकामी होऊनही दुपारी ऊन उरतच असेल, तर कपडे धुण्याचं यंत्र, पंप, गीझर हे सकाळ-संध्याकाळऐवजी अकरा ते तीनमध्ये चालवा. थेट पॅनलवरून वापरलेल्या युनिटला बॅटरीचा तोटाही नाही आणि झीजही नाही.

१२. मोड बदलल्यावर फायदा झाला की नाही हे कसं पाहू? बिल येईपर्यंत थांबायचं का?

थांबायची गरज नाही. ग्रिडच्या मीटरचं रीडिंग रोज दोनदा लिहा, ऊन मावळताना आणि सकाळी ऊन येताना. शेजारी त्या वेळची बॅटरीची टक्केवारीही लिहा. आधी जुन्या मोडमध्ये पाच उन्हाचे दिवस, मग नव्या मोडमध्ये पाच. इन्व्हर्टरच्या ॲपमधले आकडे यासाठी वापरू नका. ते काही टक्क्यांनी चुकतात आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज बहुधा दाखवत नाहीत. तो स्वतः ५० वॅट खात असेल तर दिवसाला १.२ युनिट त्याचीच झाली.

रात्रीच्या रीडिंगमधला फरक सगळ्यात जास्त बोलका असतो. `SBU` मध्ये रात्री ग्रिडचं मीटर पाच-सहा युनिट चढलं आणि सकाळी बॅटरी संध्याकाळइतकीच भरलेली दिसली, तर ग्रिड रात्री बॅटरी भरतोय. 16 नंबर पुन्हा उघडा; काही मॉडेलमध्ये सेटिंग बदलून एंटर दाबल्याशिवाय बाहेर आलं तर जुनंच राहतं.